खोली हॉटेलने रद्द केली, तर पैसे ग्राहकाचे का अडकावेत? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : ‘नॉन-रिफंडेबल’ दराने आगाऊ पैसे घेऊन हॉटेलनेच आरक्षण रद्द करणे आणि त्या पैशांचा परतावा

महोदय,

हॉटेलची खोली ‘नॉन-रिफंडेबल’ दराने घेतलेल्या ग्राहकाने स्वतःचा बेत बदलला, तर त्याचे पैसे जातात. ही अट मला मान्य आहे आणि तिच्याविरुद्ध हे पत्र नाही. दर कमी मिळाला, त्या बदल्यात बेत बदलण्याची मुभा सोडली, हा सरळ व्यवहार झाला. माझी तक्रार दुसऱ्या बाजूची आहे. तीच खोली हॉटेलने स्वतः रद्द केली किंवा एकच खोली दोघांना विकली, तरीही पैसे परत मागणाऱ्या ग्राहकापुढे तीच अट धरली जाते. हे थांबवण्यासाठी केलेला एक नियम अस्तित्वात आहे, परंतु त्याची शब्दरचना अशी आहे की तो नेमका हॉटेलपर्यंत पोहोचत नाही. ती फट बुजवण्यासाठी पाऊल उचलणे आपल्या अधिकारात आहे, म्हणून मी आपल्याला लिहीत आहे. आणि पुढच्या सुट्टीच्या खोल्यांचे पैसे ज्यांनी आजच भरून ठेवले आहेत त्यांनाही हे वाचता यावे, म्हणून जाहीरपणे लिहीत आहे.

प्रथम माझा व्यवहार सांगते, कारण या प्रकारातल्या सगळ्या खाचाखोचा त्यात आल्या. नाताळच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन मालवणला जायचे आम्ही ऑक्टोबरमध्ये ठरवले. वडिलांना जिने चढता येत नाहीत, त्यामुळे तळमजल्यावरच्या खोल्या हव्या होत्या, आणि तशा खोल्या डिसेंबरच्या अखेरीस आयत्या वेळी मिळत नाहीत. एका बुकिंग पोर्टलवर समुद्राजवळच्या एका हॉटेलात दोन खोल्या तीन रात्रींसाठी मिळाल्या. रद्द करता येणारा दर प्रत्येक खोलीला रात्रीचे ४,९०० रुपये होता आणि नॉन-रिफंडेबल दर ४,२०० रुपये. आम्ही दुसरा दर घेतला. खोल्यांचे २५,२०० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटीचे १,२६० रुपये, असे २६,४६० रुपये आणि वर पोर्टलचे सुविधा शुल्क ३९९ रुपये, ही सगळी रक्कम क्रेडिट कार्डाने त्याच दिवशी भरली. ‘तुमचे बुकिंग कन्फर्म झाले आहे’ असा ईमेल आणि व्हाउचर आले.

निघायला आठवडाही उरला नसताना हॉटेलमधून फोन आला की पाण्याची मोटर जळाली आहे, त्यामुळे खोल्या देता येणार नाहीत. मोटर जळू शकते, हे मला कळते. परंतु त्याच संध्याकाळी त्याच पोर्टलवर त्याच तारखांना त्याच प्रकारच्या खोल्या रात्रीच्या ९,८०० रुपयांना विक्रीस होत्या. मी तारीख आणि वेळ दिसेल अशा प्रकारे तो पडदा टिपून ठेवला.

यानंतर हॉटेलच्या व्यवस्थापकांनी जे सुचवले, त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधते. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही ॲपमधून तुमच्या बाजूने कॅन्सल करा, आम्ही लगेच रिफंड अप्रूव्ह करतो.” ऐकायला हे सोयीचे वाटते. प्रत्यक्षात ग्राहकाने ते बटण दाबले की पोर्टलच्या नोंदीत रद्द करणारा ग्राहक ठरतो, नॉन-रिफंडेबल अट आपोआप लागू होते आणि परताव्याची रक्कम शून्य दिसू लागते. मग परतावा हॉटेलच्या मर्जीचा विषय होतो आणि फोनवर दिलेल्या शब्दाचा पुरावा कुठेच नसतो. मी नकार दिला आणि खोल्या देता येणार नाहीत हे लिहून मागितले. व्हॉट्सॲपवर दोन ओळींचा संदेश आला, तारखेसह. पुढे सगळे प्रकरण त्या दोन ओळींवर टिकले.

पोर्टलचे उत्तर असे होते : दर नॉन-रिफंडेबल आहे, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, हॉटेलकडे मंजुरी मागितली आहे, ती आल्यावर कळवू. माझ्या कार्डाच्या हिशोबपत्रकात पैसे घेणारा म्हणून पोर्टलचेच नाव होते. अनेक पोर्टल ग्राहकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम हॉटेलला पाहुणा आल्यावर किंवा राहून गेल्यावर देतात. म्हणून मी लेखी विचारले की माझी रक्कम हॉटेलला पोहोचली आहे की अजून तुमच्याकडेच आहे. या प्रश्नाला उत्तर आले नाही. त्याऐवजी पुढच्या बुकिंगसाठी वापरता येईल असे व्हाउचर देऊ केले गेले, तेही मुदतीचे. मी ते घेतले नाही, कारण ते घेतल्याने मूळ रकमेवरचा माझा हक्क सुटला असे पुढे म्हणता आले असते.

दरम्यान आम्ही त्याच परिसरात दुसरीकडे तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या, रात्रीला ७,००० रुपये दराने. करासह ४४,१०० रुपये गेले. म्हणजे त्याच तीन रात्रींसाठी १७,६४० रुपये जास्त द्यावे लागले, आणि आधीचे २६,४६० अडकलेले होतेच.

मूळ आरक्षणाची तारीख उलटल्यावर ॲपमधली आमची नोंद बदलली. तिथे ‘नो-शो’ असे दिसू लागले, म्हणजे ग्राहक आलाच नाही. ज्या पाहुण्यांना हॉटेलने स्वतः येऊ नका म्हणून कळवले, त्यांच्याच नावावर न आल्याचा शेरा! एव्हाना मी बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवण्याचा दावा दाखल केला होता, आणि पोर्टलने बँकेला पुरावा म्हणून पाठवला तो हाच शेरा, सोबत नॉन-रिफंडेबल अटीचे पान.

बँकेला मी एवढेच कळवले की मी आरक्षण रद्द केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याची अट इथे गैरलागू आहे. माझा दावा पैसे घेऊन सेवा न दिल्याचा आहे. सोबत मूळ व्हाउचर, हॉटेलचा आगमनाच्या आधीच्या तारखेचा संदेश, चढ्या दराने विक्रीस असलेल्या खोल्यांचा टिपलेला पडदा, पोर्टलकडे परतावा मागितल्याचा ईमेल आणि दुसऱ्या हॉटेलचे त्याच रात्रींचे बिल जोडले. बँकेने दावा मान्य केला आणि २६,४६० रुपये परत मिळाले. वाचकांसाठी इथे एक सांगणे आवश्यक आहे. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा दाव्याला साधारणपणे १२० दिवसांची मुदत असते, आणि सेवा मिळालीच नसेल तर ती मोजताना सेवा मिळायची होती ती तारीख धरता येते. ‘हॉटेलकडून मंजुरी येत आहे’ या उत्तरावर विसंबून राहिलेल्या ग्राहकाची ही मुदत त्याला नकळत संपते. दावा नोंदवतानाचे कारणही नीट निवडावे लागते. ‘आरक्षण रद्द केले, परतावा मिळाला नाही’ असे कारण लिहिले की ग्राहक स्वतःच पोर्टलच्या अटीत जाऊन अडकतो. ‘सेवा मिळाली नाही’ हेच खरे कारण आहे आणि तेच लिहावे.

मूळ रक्कम मिळाली, म्हणजे प्रश्न मिटला असे मी मानत नाही. सुविधा शुल्क आणि फरकाचे १७,६४० रुपये मिळालेले नाहीत. त्यासाठी मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे जात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ग्राहकाला तो जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. माझी वैयक्तिक नुकसानभरपाई तो आयोग पाहील. आपल्याकडे मी येते आहे ती ज्या गोष्टी एकट्या ग्राहकाच्या खटल्याने बदलणार नाहीत त्यांच्यासाठी.

पहिली तक्रार नियमातील फटीबद्दल आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मधील नियम ४, उपनियम ८ असे सांगतो की ई-वाणिज्य संस्थेने, खरेदी पक्की झाल्यावर ती रद्द करणाऱ्या ग्राहकाला रद्द करण्याचे शुल्क लावू नये. लावायचे असेल, तर संस्थेने स्वतः एकतर्फी रद्द केल्यास तिनेही तसेच शुल्क सोसले पाहिजे. तत्त्व अगदी योग्य आहे. ग्राहकाने रद्द केले तर त्याची संपूर्ण रक्कम जाणार असेल, तर समोरच्याने रद्द केल्यास त्याचेही काही गेले पाहिजे. परंतु याच नियमांतील ‘ई-वाणिज्य संस्था’ या संज्ञेच्या व्याख्येतून बाजारपेठेवर विक्री करणारा विक्रेता वगळलेला आहे. बुकिंग पोर्टल ही बाजारपेठ आणि हॉटेल हा विक्रेता. त्यामुळे पोर्टल म्हणते, आम्ही रद्द केले नाही, हॉटेलने केले. आणि हॉटेलला हा उपनियम लागत नाही. दंडाची अट ग्राहकावर राहते आणि तिची दुसरी बाजू कोणावरच राहत नाही. विक्रेत्यावरील नियम ६ मध्ये त्रुटीच्या सेवेचा परतावा नाकारू नये असे म्हटले आहे हे खरे, पण त्यातून ग्राहकाला फार तर त्याचेच पैसे परत मिळतात. हॉटेलसाठी तो हिशोब फायद्याचाच राहतो : माझ्या ४,२०० च्या जागी ९,८०० देणारा पाहुणा मिळाला, आणि मला जे परत करायचे ते माझेच होते.

अशा एकतर्फी अटींबद्दल कायदा मुका नाही. अधिनियमाच्या कलम २(४६) मधील ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत, वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात, बिल्डर ग्राहकाकडून उशिरासाठी १८ टक्के व्याज घेणार आणि स्वतःच्या उशिरासाठी ९ टक्के देणार, अशा करारातील एकतर्फी अटींनी ग्राहकाला बांधता येणार नाही असे ठरवले. हॉटेलच्या अटीत तर दुसऱ्या बाजूला ९ टक्केही नाहीत. परंतु अनुचित कराराची तक्रार राज्य आयोगापुढे न्यावी लागते, आणि पंचवीस-तीस हजारांच्या खोलीसाठी कोणते कुटुंब मुंबईपर्यंत तो खटला चालवेल?

दुसरी तक्रार नोंदींबद्दल आहे. कोणी रद्द केले, कोण आले नाही, हे ज्या नोंदीवर ठरते ती नोंद हॉटेल लिहिते, पोर्टल दाखवते आणि बँक प्रमाण मानते. ग्राहकाला तिथे ‘हॉटेलने खोली नाकारली’ असे नोंदवायला जागाच नसते. ॲपमध्ये त्याच्यासाठी एकच बटण आहे, आणि ते त्याच्याच विरुद्ध जाते. ग्राहकाने स्वतः रद्द करावे म्हणून त्याला फोनवरून गळ घालणे हा प्रकार माझ्यापुरता नसावा, कारण त्यातून हॉटेलचे पोर्टलवरचे मानांकन शाबूत राहते. आपण ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यात खोट्या घाईचे उदाहरण म्हणून हॉटेलच्या उरलेल्या दोन खोल्यांचीच जाहिरात दिली. खोली विकतानाची फसवी मांडणी आपल्या नजरेस आली आहे. खोली नाकारतानाची मांडणीही तितक्याच बारकाईने पाहिली जावी.

तिसरी तक्रार भरपाईबद्दल आहे. विमान कंपनीने जास्त तिकिटे विकून प्रवाशाला विमानात घेतले नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत भरपाई ठरलेली आहे. एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले नाही, पण चोवीस तासांच्या आत दिले, तर मूळ एकमार्गी भाडे व इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये; त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. प्रवाशाला स्वतःचे नुकसान सिद्ध करत बसावे लागत नाही. हॉटेलबाबत असा कोणताही ठरलेला आकडा नाही. रात्री दहा वाजता मुलाबाळांसह दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला ‘ओव्हरबुकिंग झाले आहे’ एवढे सांगून परत पाठवता येते.

हॉटेलचालकांची अडचण मला दिसत नाही असे नाही. कोकणातली पुष्कळ हॉटेले आणि घरगुती निवास व्यवस्था एकाच वेळी तीन-चार पोर्टलवर खोल्या ठेवतात, फोनवरची आरक्षणे वहीत लिहितात, आणि एका ठिकाणी विकलेली खोली दुसरीकडे बंद करायला उशीर झाला की एकच खोली दोघांना जाते. ही चूक प्रामाणिक असू शकते. ती ओळखण्याची खूण अशी की प्रामाणिक हॉटेलचालक शेजारी खोली शोधून देतो, तिथपर्यंत गाडी देतो आणि फरक स्वतः भरतो. चांगल्या हॉटेलांची ही जुनी रीत आहे. तसेच जून २०२० मधील निसर्ग किंवा मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळासारखी आपत्ती आली, तर कोणीही हॉटेलकडे दंड मागू नये. मूळ रक्कम परत मिळाली की पुरे. मात्र रद्द केलेली खोली त्याच तारखांना चढ्या दराने पुन्हा विक्रीस दिसत असेल, तर तिथे आपत्तीही नाही आणि चूकही नाही.

यावर माझ्या मागण्या अशा आहेत. अधिनियमाच्या कलम १८ खाली अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्याखाली आपण स्पष्ट करावे की नॉन-रिफंडेबल अट केवळ ग्राहकाने रद्द केल्यावरच लागू होते, आणि हॉटेलने खोली नाकारल्यास कर व सुविधा शुल्कासह संपूर्ण रक्कम, ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने, सात दिवसांत परत करण्याची जबाबदारी ज्याने ग्राहकाकडून पैसे घेतले त्याची राहील. पोर्टलने पैसे घेतले असतील तर पोर्टलने आधी परत करावेत आणि हॉटेलशी आपला हिशोब नंतर करावा. व्हाउचर ग्राहकाने लेखी मागितले तरच द्यावे.

नियम ४(८) मधील तत्त्व विक्रेत्यालाही लागू व्हावे, यासाठी आपण केंद्र सरकारकडे दुरुस्तीची शिफारस करावी. ग्राहकाने रद्द केल्यावर जितकी रक्कम जप्त होते, तितकीच रक्कम हॉटेलने वाजवी कारणाशिवाय रद्द केल्यास त्याने ग्राहकाला परताव्याशिवाय वेगळी द्यावी. किंवा त्याच परिसरात त्याच दर्जाची खोली देऊन फरक भरावा. निवड ग्राहकाची असावी.

प्रत्येक पोर्टलने ग्राहकाच्या पडद्यावर ‘हॉटेलने खोली नाकारली’ अशी स्वतंत्र नोंद करण्याची सोय द्यावी, आणि ग्राहकाला कळवून त्याचे म्हणणे घेतल्याखेरीज ‘नो-शो’चा शेरा कायम करू नये. नियमांप्रमाणे पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. सुट्टीच्या खोलीसाठी तो महिना निरुपयोगी आहे, म्हणून आगमनाला थोडे दिवस उरलेल्या आरक्षणांसाठी वेगळी, तासांत मोजलेली मुदत ठरवावी.

शेवटची मागणी तातडीची आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आहेत. त्या तारखांच्या खोल्या दूरदूरचे लोक पुष्कळ आधी पैसे भरून घेतील, त्यांत म्हातारी माणसे मोठ्या संख्येने असतील, आणि तारीख जवळ येईल तसे दर चढतील. आधी स्वस्तात विकलेली खोली मोडून पुन्हा महाग विकण्याचा मोह तेव्हा सर्वांत मोठा असेल. वरील तत्त्वे त्या आधी लागू व्हावीत, आणि नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना कलम १६ खालील चौकशीचे अधिकार या कामी वापरण्याविषयी आपण आधीच कळवावे.

माझ्या व्यवहाराची सर्व कागदपत्रे, हॉटेल आणि पोर्टलच्या नावांसह, कलम १७ खालील स्वतंत्र तक्रारीसोबत आपल्याकडे पाठवत आहे. ती नावे या जाहीर पत्रात मी घातलेली नाहीत, कारण त्यांचे म्हणणे ऐकून निर्णय देणे हे आयोगाचे आणि आपले काम आहे. या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, आणि कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य व का, हे त्यात असावे, अशी विनंती करते.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, पुणे

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग
जिल्हाधिकारी, नाशिक